हिशेबपट्टीची खातेनोंद

हिशेबपट्टी (नुसते पट्टी असेही म्हणतात) म्हणजे बाजारात विकलेल्या शेतमालाचे नग किंवा वजन, दर, एकूण रक्कम, त्यातून झालेली कपात आणि शेतकऱ्याला देय राहिलेली रक्कम दाखवणारा कागद होय. हा कागद आडत्या, म्हणजे शेतकऱ्याच्या वतीने माल विकणारा बाजारातील मध्यस्थ, तयार करतो. माल दूरच्या बाजारात विकला जातो तेव्हा शेतकऱ्याच्या हाती बहुधा पट्टीचे छायाचित्र आधी येते आणि मूळ कागद नंतर येतो, किंवा येतच नाही. अशा छायाचित्रावरून शेतकऱ्याच्या हिशेबाच्या तक्त्यात आकडे उतरवण्याच्या पद्धतीची माहिती या लेखात रत्नागिरी जिल्ह्यातील हापूस आंब्याच्या उदाहरणाने दिली आहे.

## पार्श्वभूमी

रत्नागिरी जिल्ह्यातील हापूसच्या विक्रीचे एक प्रमुख ठिकाण नवी मुंबईतील वाशी येथील मुंबई कृषी उत्पन्न बाजार समितीचे फळ बाजार आवार हे आहे. मुंबईतील घाऊक फळबाजार १९९६ साली वाशीला हलवण्यात आला. त्यापूर्वी हा व्यवहार क्रॉफर्ड मार्केट, म्हणजेच महात्मा जोतिबा फुले मंडई, येथे चालत असे. बागायतदार पेट्या भरून गाडीने पाठवतो आणि विक्रीच्या वेळी तो स्वतः बाजारात नसतो. त्यामुळे आपला माल किती आणि कोणत्या दराने गेला, हे त्याला पट्टीवरूनच कळते.

एका हंगामात एका बागायतदाराच्या अशा अनेक पट्ट्या होतात. काही पट्ट्यांचे पैसे लगेच मिळतात, काहींचे हप्त्याने मिळतात. काहींची रक्कम हंगामाआधी घेतलेल्या उचलीत, म्हणजे आगाऊ रकमेत, वळती होते. हंगाम संपल्यावर आडत्याकडे शेवटचा हिशेब होतो, तेव्हा बागायतदाराजवळ पट्टीवार नोंद नसेल तर आडत्याच्या वहीतील बाकी मान्य करण्यावाचून त्याला पर्याय राहत नाही. खातेनोंदीचा पहिला उपयोग या वेळी होतो.

## पट्टीवरील मजकूर

पट्टीच्या वरच्या भागात पेढीचे नाव, गाळा क्रमांक, पट्टी क्रमांक, तारीख, शेतकऱ्याचे नाव आणि मार्का असतो. मार्का म्हणजे पेटीवर रंगवलेली किंवा छापलेली बागायतदाराची खूण होय. एकाच घरातील दोन भाऊ एकाच आडत्याकडे माल पाठवत असतील, तर माल कोणाचा हे मार्क्यावरूनच ठरते. म्हणून तक्त्यात नावाबरोबर मार्काही उतरवावा लागतो.

मधल्या भागात मालाच्या ओळी असतात. आंब्याच्या पट्टीवर बहुधा वजन नसते. पेटीत किती डझन फळे आहेत यावरून मालाची प्रत ठरते आणि दर पेटीमागे लावला जातो. चार डझनांच्या पेटीत ४८ फळे बसतात, तर सात डझनांच्या पेटीत ८४. पेटीचा आकार साधारण सारखाच असल्याने डझन जितके कमी तितके फळ मोठे आणि दर चढा, असा हा क्रम असतो.

खालच्या भागात कपात लिहिलेली असते. तीत मोटारभाडे, हमाली, माल वजनावर विकला असल्यास तोलाई, आणि उचल असल्यास तिची वळती रक्कम येते. फळे व भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी, असा बदल महाराष्ट्रात २०१६ साली करण्यात आला. त्यानंतरच्या पट्टीवर शेतकऱ्याच्या कपातीत आडत दिसत असेल, तर ती ‘इतर खर्च’ या सदरात मिसळू नये. तिची नोंद वेगळ्या रकान्यात करावी, म्हणजे तिच्याविषयी विचारणा करता येते.

## छायाचित्र

पट्टी बहुधा नकलेच्या कागदावर हाताने लिहिलेली असते. खालच्या प्रतीवर अक्षरे फिकी उमटतात आणि घडीच्या जागी आकडा तुटतो. छायाचित्र घेताना कागद सपाट ठेवून चारही कोपरे चौकटीत येतील असे पाहावे. कोपरा सुटला तर सहसा पट्टी क्रमांक किंवा शेवटची देय रक्कम जाते, आणि पट्टी ओळखण्यास व तपासण्यास याच दोन गोष्टी सर्वांत उपयोगी असतात. संदेशातून पाठवलेले छायाचित्र वाटेत आकुंचित होऊन अस्पष्ट होते. ते ‘दस्तऐवज’ म्हणून पाठवण्यास सांगितल्यास मूळ स्पष्टता टिकते.

तक्त्यात काही लिहिण्यापूर्वी छायाचित्राच्या फाइलला तारीख, पेढी आणि पट्टी क्रमांक असलेले नाव द्यावे. पुढे एखाद्या आकड्याविषयी शंका आली, तर तक्त्यातील ओळीवरून थेट छायाचित्रापर्यंत पोहोचता आले पाहिजे.

## तक्त्याची रचना

एका पट्टीसाठी एकच ओळ आणि तीत फक्त ‘मिळालेली रक्कम’ लिहिणे, ही सर्वांत प्रचलित पद्धत आहे. हिशेबाच्या दृष्टीने ती सदोष ठरते, कारण तीत दर, कपात आणि भरणा या तिन्ही गोष्टी एका आकड्यात लपतात. त्याऐवजी तीन तक्ते ठेवणे सोयीचे असते.

पहिला तक्ता विक्रीचा. पट्टीवरील मालाच्या प्रत्येक ओळीसाठी यात एक ओळ असते: पट्टी क्रमांक, तारीख, प्रत, नग, दर आणि पट्टीवर लिहिलेली रक्कम. दुसरा तक्ता पट्ट्यांचा. यात प्रत्येक पट्टीची एकूण विक्री, कपातीच्या बाबी आणि देय रक्कम येते. तिसरा तक्ता भरण्याचा. यात प्रत्यक्ष हाती आलेली किंवा बँकेत जमा झालेली रक्कम, तिची तारीख आणि ती कोणत्या पट्टीपोटी आहे, हे लिहिले जाते. तिन्ही तक्ते पट्टी क्रमांकाने एकमेकांशी जोडलेले राहतात. दोन पेढ्यांचे क्रमांक सारखे असू शकतात, म्हणून क्रमांकाआधी पेढीचे आद्याक्षर जोडावे.

पट्टीवरील रक्कम छायाचित्रात दिसते तशीच उतरवावी, गुणाकार करून भरू नये, हा येथील मुख्य नियम आहे. गुणाकार शेजारच्या स्वतंत्र रकान्यात करावा. विक्रीच्या तक्त्यात नग ‘D’ रकान्यात, दर ‘E’ मध्ये आणि पट्टीवरील रक्कम ‘F’ मध्ये असेल, तर ताळ्याचे सूत्र असे होईल:

```
=D2*E2-F2
```

उत्तर शून्य आले की ती ओळ जुळली. रक्कमही गुणाकारानेच भरली असती, तर उत्तर नेहमीच शून्य आले असते आणि चूक कधीच दिसली नसती.

## उदाहरण

पुढील पट्टी समजुतीसाठी तयार केलेली असून तीतील दर कोणत्याही दिवसाचे प्रत्यक्ष बाजारभाव नाहीत. रत्नागिरीहून ४० पेट्या पाठवल्या आहेत आणि दुसऱ्या दिवशी पट्टीचे छायाचित्र आले आहे.

| प्रत | पेट्या | दर (रुपये) | पट्टीवरील रक्कम |
|---|---|---|---|
| ४ डझन | ८ | ३,२०० | २५,६०० |
| ५ डझन | १५ | २,६५० | ३९,७५० |
| ६ डझन | १२ | २,१०० | २५,२०० |
| डागी | ४ | १,१५० | ४,६०० |
| एकूण | | | ९५,१५० |

कपातीत मोटारभाडे २,८०० रुपये, हमाली ३२० रुपये आणि उचलीपोटी ४०,००० रुपये, अशी एकूण ४३,१२० रुपयांची नोंद आहे. देय रक्कम ५२,०३० रुपये आहे.

### वाचनातील चुका

समजा, उतरवणाऱ्याने दुसऱ्या ओळीचा दर घाईत २,५६० असा लिहिला आणि चौथ्या ओळीचा दर १,९५० असा वाचला. या दरांनी गुणाकार केल्यास चार ओळींची बेरीज ९७,००० येते, म्हणजे पट्टीपेक्षा १,८५० रुपयांनी जास्त. केवळ हा फरक पाहून चूक सापडत नाही, कारण येथे दोन चुका उलट दिशांनी मिसळल्या आहेत. ओळीवार ताळा मात्र त्यांना वेगळे करतो. दुसऱ्या ओळीत १,३५० रुपये कमी येतात आणि चौथ्या ओळीत ३,२०० रुपये जास्त.

आता प्रत्येक फरकाला नगांनी भागावे. दुसऱ्या ओळीत १,३५० भागिले १५ म्हणजे दरात ९० चा फरक. शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाली, तर येणारा फरक नेहमी ९ ने नि:शेष भागला जातो. ९० हा तसाच आकडा असल्याने आधी ६ आणि ५ यांच्या जागा तपासाव्यात. चौथ्या ओळीत ३,२०० भागिले ४ म्हणजे ८०० चा फरक. हाताने लिहिलेल्या १ ची गाठ फुगली की तो ९ सारखा दिसतो, आणि १ ऐवजी ९ वाचल्यास फरक ८, ८०, ८०० असाच पडतो. अशा रीतीने फरकाच्या आकड्यावरूनच चुकीच्या जागेचा अंदाज येतो. तरीही दुरुस्ती छायाचित्र पुन्हा पाहूनच करावी.

एकाच पट्टीवर देवनागरी आणि आंतरराष्ट्रीय अंक मिसळलेले असतील, तर गोंधळ वाढतो. देवनागरी एक हा आंतरराष्ट्रीय नऊसारखा दिसतो आणि देवनागरी पाच घाईत लिहिला की आंतरराष्ट्रीय चारसारखा. पट्टी लिहिणाऱ्याचे वळण ओळखण्यासाठी आधी तारीख वाचावी. तारखेतील अंक आपल्याला माहीत असल्याने त्या हाताचा एक कसा आणि पाच कसा, हे तेथे कळते.

एखादा अंक मुळीच वाचता येत नसेल, तर रकाना रिकामा ठेवून शेरा लिहावा. बारा पेट्यांची रक्कम २५,२०० स्पष्ट असेल आणि दर पुसला गेला असेल, तर भागाकाराने २,१०० हा दर मिळतो. पण तो ‘काढलेला’ आहे, वाचलेला नाही, हे शेऱ्यात नमूद करावे. अशा ओळीचा ताळा आपोआप शून्य येतो, म्हणून तो पुरावा ठरत नाही.

### व्यवहारातील तफावत

ओळींचा ताळा जुळल्यावर पेट्यांची बेरीज करावी. ८, १५, १२ आणि ४ मिळून ३९ होतात. पाठवल्या होत्या ४०. येथे आकडा चुकीचा वाचला असण्याची शक्यता उरलेली नाही, कारण प्रत्येक ओळीत नग आणि दर यांचा गुणाकार पट्टीवरील रकमेशी जुळला आहे. म्हणजे पट्टीवरच ३९ पेट्या आहेत.

कपातीकडे पाहिल्यास आणखी एक गोष्ट दिसते. भाडे पेटीमागे ७० रुपये ठरलेले असेल, तर २,८०० रुपये हे ४० पेट्यांचे भाडे होते. हमालीही पेटीमागे ८ रुपयांप्रमाणे ४० पेट्यांचीच आहे. त्यावरून ४० पेट्यांची वाहतूक आणि उतराई धरली गेली, पण विक्री ३९ पेट्यांची दाखवली गेली, असे म्हणता येते. उरलेली पेटी दुसऱ्या दिवशी विकली जाऊन पुढच्या पट्टीत आली असेल, फळ खराब निघाल्याने बाजूला काढली असेल किंवा लिहायची राहिली असेल. यांतील कोणते खरे, हे तक्ता सांगू शकत नाही. मात्र गाडीवाल्याची पावती आणि पट्टी क्रमांक यांच्या आधारे नेमका प्रश्न विचारता येतो. आठवडा उलटल्यावर त्या पेटीचा माग लागणे कठीण असते, त्यामुळे पट्टी आल्या दिवशीच तिची नोंद करणे हिताचे ठरते.

पट्टीवर चूक आढळली तरी तक्त्यातील आकडा आपण होऊन दुरुस्त करू नये. पट्टीत आहे तसाच तो राहू द्यावा आणि तफावत वेगळ्या रकान्यात लिहावी. पेढीने दुरुस्ती मान्य केली, तर ती नव्या ओळीत, नव्या तारखेने घ्यावी. आकडा जागेवर बदलल्यास तक्ता आणि छायाचित्र यांचा मेळ कायमचा तुटतो.

## विक्री, उचल आणि भरणा

वरील पट्टीचे ५२,०३० रुपये देय आहेत. समजा, त्यांपैकी ३०,००० रुपये चार दिवसांनी आणि २२,००० रुपये महिनाअखेरीस बँकेत जमा झाले. भरण्याच्या तक्त्यात या दोन ओळी येतील आणि पट्टीवर ३० रुपये बाकी दिसेल. एखाद्या पट्टीपोटी जमा झालेल्या रकमेची बेरीज पुढील सूत्राने मिळते. यात भरण्याच्या तक्त्यातील पट्टी क्रमांक ‘A’ रकान्यात आणि रक्कम ‘C’ मध्ये आहे, असे धरले आहे.

```
=SUMIF('भरणा'!A:A,A2,'भरणा'!C:C)
```

या पट्टीचे उत्पन्न किती, याचे उत्तर ५२,००० नव्हे, तर ९५,१५० रुपये आहे. भाडे आणि हमाली मिळून ३,१२० रुपये हा खर्च आहे. उचलीपोटी कापलेले ४०,००० रुपये मात्र खर्च नाहीत, ती कर्जाची फेड आहे. उचल घेतली तेव्हा ती उत्पन्न म्हणून लिहिली आणि आता पूर्ण विक्रीही उत्पन्न म्हणून लिहिली, तर तीच रक्कम दोनदा मोजली जाते. उलट फक्त हाती आलेली रक्कम लिहिली, तर बागेचे उत्पन्न प्रत्यक्षापेक्षा निम्म्याच्या जवळपास दिसते. म्हणून उचलीचे स्वतंत्र खाते ठेवतात. त्यात घेतलेली रक्कम एका बाजूस आणि पट्टीवार वळती झालेली रक्कम दुसऱ्या बाजूस असते. एखाद्या पट्टीची देय रक्कम शून्य असली, तरी त्या खात्यातील बाकी कमी झालेली दिसली पाहिजे.

## वजनावर विकलेला माल

हंगामाच्या अखेरीस कॅनिंगचा, म्हणजे रस काढून डबाबंद करण्याचा आंबा जिल्ह्यातच किलोवर विकला जातो. या पट्टीवर पेट्यांऐवजी क्रेट आणि वजन असते. उदाहरणार्थ, १८ क्रेटचे भरलेले वजन ४१४ किलो आणि रिकाम्या क्रेटचे वजन प्रत्येकी २ किलो असेल, तर ३६ किलो वजा जाऊन निव्वळ वजन ३७८ किलो राहते. २८ रुपये दराने रक्कम १०,५८४ रुपये होते. तक्त्यात भरलेले वजन, वजावट आणि निव्वळ वजन हे तीन वेगळे रकाने ठेवावेत. रिकाम्या क्रेटचे वजन एकदा स्वतः काट्यावर पाहिलेले असेल, तर पट्टीवरील वजावट वाजवी आहे की नाही, हे लगेच कळते.

दराचे एककही स्वतंत्र रकान्यात लिहावे लागते. २८ हा दर किलोचा, २८० हा दहा किलोंचा आणि २,८०० हा क्विंटलचा. रक्कम तिन्हींत तीच आहे. पट्टीवर एकक लिहिलेले नसल्यास निव्वळ वजन आणि रक्कम यांवरून ते ओळखता येते.

पेटीच्या मालाचे वजन मात्र पट्टीवर नसताना अंदाजाने भरू नये. हापूसचे फळ साधारण २०० ते ३०० ग्रॅमचे असते आणि हा पल्ला इतका मोठा आहे, की ४८ फळांच्या पेटीत त्यामुळे साडेचार किलोंहून अधिक फरक पडू शकतो. बागेचे एकूण उत्पादन वजनात हवे असल्यास प्रत्येक प्रतीच्या काही पेट्या पाठवण्यापूर्वी तोलून सरासरी काढावी आणि ती ‘अंदाजे वजन’ या वेगळ्या रकान्यात ठेवावी.

## संगणकावरील तक्त्यातील दोन अडचणी

देवनागरीत टंकलेले अंक तक्त्याचे सॉफ्टवेअर अनेकदा संख्या न समजता मजकूर समजते. असा आकडा डोळ्यांना बरोबर दिसतो, पण `SUM` हे सूत्र मजकूर वगळून बेरीज करते. बेरीज अनपेक्षितपणे कमी आली, तर संशयित रकान्यावर पुढील सूत्र चालवावे. उत्तर `FALSE` आल्यास तो आकडा संख्या नाही.

```
=ISNUMBER(E2)
```

दुसरी अडचण तारखेची. पट्टीवर ४/५ म्हणजे ४ मे, परंतु सॉफ्टवेअरची मांडणी महिना आधी घेणारी असेल तर तेथे ५ एप्रिल होते. दोन्ही तारखा हंगामातीलच असल्याने ही चूक नजरेत येत नाही. दरांचा क्रम मात्र बिघडतो आणि मे महिन्यातील उतरलेला भाव एप्रिलमध्ये जाऊन बसतो. तारीख रकान्यात महिन्याचे नाव दिसेल अशी मांडणी निवडल्यास हे टळते.

## मर्यादा

ताळा जुळणे म्हणजे पट्टी अंकगणिताने बरोबर असणे, इतकेच. चार डझनांची पेटी खरोखर ३,२०० रुपयांनाच गेली का, हे पट्टी सांगत नाही. आडत्याने लिहिलेला दर ती दाखवते. त्यासाठी बाहेरचा आधार लागतो. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळ बाजार समित्यांमधील दैनंदिन आवक आणि किमान, कमाल व सर्वसाधारण दर प्रसिद्ध करते. त्या दिवसाचा सर्वसाधारण दर विक्रीच्या ओळीशेजारी लिहून ठेवता येतो. मात्र प्रसिद्ध दर सर्व प्रतींचा मिळून असतो, त्यामुळे एका पट्टीतील फरकावरून निष्कर्ष काढता येत नाही. एकाच पेढीच्या अनेक पट्ट्यांमध्ये आपल्या मालाचा दर सतत त्याच बाजूला झुकलेला दिसला, तर ती बाब चौकशीयोग्य ठरते; आणि तसा कल पाहता येण्यासाठी प्रत्येक पट्टीची ओळीवार नोंद हाती असावी लागते.